चार म्हणजे जॉ बंद

आमच्या कंपनीत जावई आला तेव्हा त्याच्यासाठी आधी केबिन बांधली गेली आणि मग त्याला काम काय द्यायचं याचा विचार सुरू झाला. शेठ उल्हासनगरचे. दुकानाच्या मागच्या खोलीत पापडाच्या पिशव्या मेणबत्तीवर चिकटवण्यापासून त्यांनी सुरुवात केली होती आणि आता अंबरनाथच्या एमआयडीसीत पाऊच पॅकिंगची मशीनं बनवायचे. माणूस कडक, पण मशीनला हात लावणारा. जावयानं आयुष्यात फक्त ट्रॅकपॅडला हात लावला होता. परदेशात दोन वर्षं काहीतरी शिकून आला होता. काय, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही, आणि माझा संशय आहे की त्यालाही कळलं नसावं. दारावर पाटी लागली, ‘टेक्नॉलॉजी हेड’. त्या पाटीखाली मी आले, कारण बोर्डावरचं सॉफ्टवेअर लिहिणारी कंपनीत मी एकटीच होते.

मशीनचं काम सांगते, म्हणजे पुढचं समजेल. वरून प्लास्टिकची फिल्म खाली उतरते, तिची नळी होते, त्यात शेव नाहीतर मसाला पडतो आणि दोन तापलेले जबडे फिल्म दाबून पाऊच बंद करतात. त्या जबड्यांना आम्ही जॉ म्हणतो. ते हवेच्या दाबानं मिटतात. कधी मिटायचं, कधी उघडायचं, फिल्म किती ओढायची, हे सगळं एका छोट्या चिपमध्ये सी भाषेत लिहिलेलं असतं.

प्रत्येक गिऱ्हाइकाचं नाटक वेगळं. याला मसाला पडल्यावर थोडं थांबायला हवं, त्याला दोनदा सील हवं, तिसऱ्याला दहा पाऊचची माळ हवी. दर वेळी मी सी-मधला कोड बदलायचा, पुन्हा कंपाइल करायचा आणि लॅपटॉप घेऊन उल्हासनगरच्या कुठल्यातरी गल्लीत जाऊन, तिखटाच्या धुरळ्यात शिंकत, चिपमध्ये भरायचा. सेल्सवाल्यांना हे फार सोपं वाटे. ‘मॅडम, थोडासाच चेंज आहे,’ असं म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर जो उदार भाव असे तो मला आजही आठवतो. जणू बदल तेच करून देणार होते.

म्हणून मी इंटरप्रिटर, म्हणजे आज्ञा एकेक वाचून पाळणारा प्रोग्राम, लिहायचं ठरवलं. कुणी सांगितलं नव्हतं. कल्पना साधी होती. चिपमधला सी-चा कोड एकदाच लिहायचा आणि त्याला पुन्हा हात लावायचा नाही. मशीननं काय करायचं ते वेगळं, बाइटांच्या ओळीत लिहायचं. प्रत्येक आज्ञेला एक आकडा. एक म्हणजे हीटर चालू, दोन म्हणजे बंद, तीन म्हणजे जॉ उघड, चार म्हणजे जॉ बंद, पाच म्हणजे पुढच्या खुणेपर्यंत फिल्म ओढ. काही आज्ञांना मागे आणखी एक बाइट लागतो. सात म्हणजे थांब, आणि किती थांबायचं ते त्याच्या पुढच्या बाइटमध्ये. मोजणीसाठी एक छोटा स्टॅक: त्यावर आकडा ठेवायचा, एक वजा करायचा, शून्य झाला नसेल तर मागे उडी मारायची. दहाची माळ अशी होते. गिऱ्हाइकाला नवं काही हवं असेल तर ऑफिसात बसून नवी ओळ तयार करायची आणि पेन ड्राइव्हवर पाठवायची, बस.

हे सगळं चालवणारा भाग म्हणजे एक लूप. आपण ओळीत कुठे आहोत ते सांगणारा एक आकडा, म्हणजे प्रोग्राम काउंटर. त्या जागेवरचा बाइट उचलायचा आणि काउंटर एकानं पुढे सरकवायचा. सी-मधल्या ‘स्विच’मध्ये, म्हणजे आज्ञांच्या यादीत, बघायचं, ही कुठली आज्ञा. मग ती करायची. परत वर. उचल, ओळख, कर. ओळखीचा आकडा नसेल तर स्विचच्या तळाशी ‘डिफॉल्ट’ असतो. तिथे मी लिहिलं होतं: हीटर बंद, मोटर बंद, हवा सोडून दे, थांब, स्क्रीनवर ‘प्रोग्राममध्ये चूक’ दाखव. जी आज्ञा समजली नाही ती पुढे रेटून न्यायची नसते, एवढी अक्कल मला होती.

जावयाला दाखवलं. तो खुर्चीत मागे रेलून हसला.

“हे तर आजोबांच्या जमान्यातलं आहे. आज कोणी स्विच-केस लिहितं का? आपण एआय टाकू. मशीन स्वतः शिकेल.”

“काय शिकेल?”

“पॅकिंग.”

“मशीनला पॅकिंग येतं,” मी म्हटलं. “गिऱ्हाइकाला काय हवंय ते बदलतं.”

“एक्झॅक्टली. मग ते प्रेडिक्ट करायचं.”

मी लॅपटॉप मिटला आणि शेठकडे गेले. शेठना स्विच कळत नव्हता, पण इंजिनिअर उल्हासनगरला न पाठवता गिऱ्हाइकाचं काम होतंय हे कळलं. “लगाव,” म्हणाले. लावलं. पावसाळा संपेपर्यंत आमची सगळी नवी मशीनं त्यावर चालत होती आणि मी बदलापूरला घरी वेळेवर पोहोचायला लागले होते.

मग जावयाला ते आवडलं. त्याला चालणारी गोष्ट नेहमीच आवडायची, ती चालायला लागल्यावर. त्यानं तिला नाव दिलं, रंगीत स्लाइड केल्या आणि ‘आमचं व्हर्च्युअल मशीन’ म्हणून गिऱ्हाइकांना दाखवू लागला. स्लाइडवर बाण उलटे होते. आधी एक्झिक्यूट, मग डिकोड, मग फेच, म्हणजे आधी कर, मग ओळख, मग उचल. मी सांगितलं तर म्हणाला, “सर्कल आहे ना. कुठूनही सुरू केलं तरी चालतं.”

नाशिककडची एक मोठी मसाला कंपनी मशीनं बघायला येणार होती. त्यांच्यासाठी जावयाला स्क्रीनवर मेसेज दाखवायचे होते. माझ्याकडे मागितलं असतं तर अर्ध्या दिवसाचं काम होतं. पण त्याला ते स्वतः करायचं होतं, कारण सासऱ्यासमोर ‘हे मी लिहिलं’ म्हणायची हौस. त्यानं माझ्या कोडची कॉपी आपल्या लॅपटॉपवर घेतली आणि त्यात मेसेजची नवी आज्ञा घातली. मला यातलं काही माहीत नव्हतं. मला फक्त एवढं सांगण्यात आलं की डेमोच्या वेळी मी मागे उभं राहायचं आणि विचारल्याशिवाय बोलायचं नाही.

डेमोला मशीनवर ज्या बाई होत्या त्या चामटोली गावच्या. आमच्याकडे फिल्म लावण्यात त्यांच्याएवढा सफाईदार हात दुसऱ्या कुणाचा नव्हता, म्हणून पाहुण्यांसमोर त्याच. सकाळी नवी साडी नेसून, केसांना तेल लावून आल्या होत्या. मशीनच्या पुढच्या काचेच्या दाराला एक स्विच असतो. दार उघडं असलं की जॉची हवाच तुटते. त्या दिवशी दार काढून भिंतीला टेकवून ठेवलेलं आणि स्विचवर एक चुंबक चिकटवलेलं, म्हणजे स्विचला दार बंदच वाटावं. पाहुण्यांना आतलं नीट दिसावं म्हणून. हे शहाणपण कुणाचं, ते सांगायची गरज नाही. चुंबक दाराच्या चौकटीच्या आत होतं. मी उभी होते तिथून मला फक्त उघडी चौकट दिसत होती, आणि मशीन अजून सुरू नव्हतं.

जावयानं बटण दाबलं. स्क्रीनवर कंपनीचं नाव आलं. पाहुण्यांनी माना डोलावल्या. पाऊच पडू लागले. सगळं छान. दार नसताना जॉ चालताहेत हे तेव्हाच माझ्या ध्यानात यायला हवं होतं, पण मी स्क्रीनकडे बघत होते. मग फिल्म बदलून दाखवायची वेळ आली. मशीन थांबलं, जॉ उघडले, बाईंनी नवा रोल चढवला आणि फिल्मचं टोक खाली ओढायला आत हात घातला. त्याच क्षणी जावयानं मोठ्या आवाजात सांगितलं, “आता बघा, मशीन स्वतः ऑपरेटरशी बोलतं!” आणि पुढे जायचं बटण दाबलं. स्क्रीनवर मेसेज उमटला, ‘फिल्म लावा’.

आणि जॉ मिटले.

बाई किंचाळल्या. मी धावले, पण माझ्याआधी त्यांनीच डाव्या हातानं लाल बटणावर थाप मारली. ते बटण मी सॉफ्टवेअरमधून जाऊ दिलं नव्हतं. ते सरळ हवा तोडतं. हवा सुटली, जॉ उघडले. उजव्या हाताची दोन बोटं टोकाशी भाजली होती. हाडाला काही झालं नाही, कारण तोवर हात बाहेर येत होता. थोडा आत असता तर मी ही गोष्ट अशी सांगत बसले नसते.

बाईंना दवाखान्यात नेलं. पाहुण्यांना नाश्त्याला. जावई नाश्त्याबरोबर गेला.

दुपारी शेठच्या केबिनमध्ये मिटिंग झाली. जावयानं बोलायला सुरुवात केली तीच मुळी असं म्हणून की, हे घरी बनवलेले इंटरप्रिटर भरवशाचे नसतात.

“मी पहिल्यापासून सांगत होतो, पप्पा. मागच्या आठवड्यात पण ते मध्येच हँग झालं होतं. मी फिक्स केलं म्हणून एवढं तरी चाललं.”

मी कान टवकारले. “हँग? कधी?”

“माझं मेसेजचं फीचर टेस्ट करताना. मेसेज यायचा आणि मशीन बंद. ‘प्रोग्राममध्ये चूक’. चूक काही नव्हती. मी तो प्रॉब्लेम काढून टाकला.”

“काढून टाकला म्हणजे काय केलं?”

“ते थांबायचं थांबवलं.”

मी शेठकडे बघितलं. “मशीनवर चला. आत्ता. आणि यांचा लॅपटॉप घेऊन चला.”

“उसकी क्या जरूरत है,” जावई म्हणाला.

“चल,” शेठ म्हणाले. सासरा असा एका शब्दात बोलला की तो उठायचा.

मशीनची हवा मी काढली, हीटरच्या वायरी सोडल्या. जॉ मिटायची आज्ञा गेली की बोर्डावर एक लाल दिवा लागतो, तेवढाच ठेवला. जावयाचा कोड उघडला. तळाशी, डिफॉल्टमध्ये, मी लिहिलेलं सगळं पुसलेलं होतं. त्याजागी एकच शब्द, ‘break’. म्हणजे आज्ञा समजली नाही तर काही करू नकोस, पुढची उचल. आग लागल्याची घंटा वाजते म्हणून घंटेची वायर कापणारे लोक असतात. हा त्यांतला.

मग त्याची नवी आज्ञा बघितली. मेसेजच्या आज्ञेमागे एक बाइट असतो, कुठला मेसेज ते सांगणारा. त्यानं तो बाइट वाचला होता, मेसेज दाखवला होता, पण काउंटर त्या बाइटच्या पुढे सरकवला नव्हता. माझी ‘थांब’ची आज्ञा तिथेच वर होती, तिच्यात ती एक ओळ होती, आणि कॉपी करताना यानं तेवढीच वगळली होती. त्याला ती फालतू वाटली असणार.

“शेठ, बघा,” मी म्हटलं. लूपच्या प्रत्येक फेरीला काउंटर आणि उचललेला बाइट स्क्रीनवर दिसेल असं केलं आणि एक-एक फेरी बटणानं चालवली. “ही मेसेजची आज्ञा. मागे चार. म्हणजे चौथा मेसेज, ‘फिल्म लावा’. आला मेसेज?”

“आला.”

“आता लूप परत वर गेला. काउंटर कुठे आहे? अजून त्या चारवरच. लूपला काय माहीत की हा चार मेसेजचा नंबर होता? तो बाइट उचलतो, आज्ञा समजतो. चार नंबरची आज्ञा काय?”

शेठना आकडे पाठ नव्हते. मी बटण दाबलं. लाल दिवा लागला.

शेठनी वाकून तो दिवा बघितला. चार म्हणजे काय, हे त्यांना आता सांगायची गरज नव्हती.

जावयाला अजून बोलायचं होतं. “हे कधीतरी होतं. टायमिंग इश्यू असतो.”

“कधीतरी नाही, दर वेळी होतं,” मी म्हटलं. पुन्हा सुरुवातीपासून चालवलं. दिवा लागला. पुन्हा. लागला. “आणि पुढे सगळं बरोबर चालतं, कारण चार ही एका बाइटची आज्ञा आहे. ती संपली की काउंटर आपोआप ठिकाणावर येतो. म्हणून कुणाला दिसलं नाही.”

“पण टेस्टिंगमध्ये असं झालं नाही!”

“टेस्टिंगमध्ये कुठला मेसेज लावला होता?”

“कंपनीचं नाव.”

“नंबर?”

त्यानं लॅपटॉपकडे बोट दाखवलं. मी कोडमध्ये बघितलं. “चाळीस. चाळीस नंबरची आज्ञाच नाही. लूपनं चाळीस उचलला, ओळखला नाही, डिफॉल्टला गेला आणि मशीन थांबवलं. त्याला तुम्ही हँग म्हणालात. ते मशीन तुम्हाला चूक दाखवत होतं. तुम्ही मशीनचं तोंड बंद केलंत.”

“तुम्ही कोडमध्ये कमेंट लिहायला हवी होती,” तो म्हणाला.

हे वाक्य मी कधी विसरणार नाही. बाईंच्या बोटांना फोड आले होते आणि या माणसाला कमेंट हवी होती. कमेंट होती, तेही सांगते. डिफॉल्टच्या वर मराठीत लिहिलेलं होतं, ‘हे काढू नका’. तीही त्यानं पुसली होती.

शेठ सिंधीत काहीतरी बोलले. जावई केबिनकडे गेला.

मला वाटलं, आता काहीतरी होईल. काय होईल असं वाटलं होतं कुणास ठाऊक. शेठ जावयाला हाकलून देतील? मुलगी दिलेला माणूस हाकलता येत नाही. दुसऱ्या दिवशी शेठनी मला बोलावून विचारलं, “मॅडम, ऐसा फिरसे नहीं होगा, ये कैसे होगा?” त्यांच्या जागी हा प्रश्न तरी बरोबर होता.

सॉफ्टवेअरमध्ये मी दोन नव्या गोष्टी केल्या. कुठल्या आज्ञेमागे किती बाइट, याचं एकच कोष्टक केलं आणि काउंटर पुढे सरकवायचं काम लूपकडेच दिलं. आज्ञा करायच्या आधीच लूप ते बाइट उचलून काउंटर पुढे नेतो. नवी आज्ञा लिहिणाऱ्याला विसरायची सोयच ठेवली नाही. दुसरं, नवा प्रोग्राम मशीनमध्ये आला की चालवायच्या आधी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत तपासायचा. प्रत्येक आज्ञा ओळखीची आहे का, तिचे बाइट पुरे आहेत का, उडी जिथे मारायची तिथे खरोखर आज्ञेची सुरुवात आहे का, की कुणाच्या तरी आकड्याच्या मध्यात जाऊन पडतेय. एक जरी चुकलं तर प्रोग्राम घ्यायचाच नाही. डिफॉल्ट परत होता तसा लिहिला. हवा तोडणारा दाराचा स्विच बदलून खाचेचा बसवून घेतला; दारावरची पट्टी त्या खाचेत बसल्याशिवाय हवा येत नाही, म्हणून चुंबकानं तो फसत नाही.

जावयानं त्यानंतर एकदाच स्वतः प्रोग्राम लिहिला. मशीननं घेतला नाही. तो तक्रार घेऊन शेठकडे गेला की मॅडमचं सॉफ्टवेअर माझा प्रोग्राम नाकारतंय.

“नाकारतंय तर काहीतरी चुकलं असेल ना,” शेठ पेपरातून मान वर न करता म्हणाले.

थोड्याच दिवसांत तो एक्सपोर्ट बघायला लागला. केबिन तीच, पाटी नवी. नाशिकवाल्यांनी मशीनं घेतली नाहीत, पण ते कुणी त्याच्या खात्यावर धरलं नाही. एका संस्थेच्या कार्यक्रमात तो ‘भारतीय बनावटीच्या व्हर्च्युअल मशीन’वर बोलला असं मला सेल्सवाल्यांकडून कळलं. त्यांनी टाळ्या वाजवल्याचंही कळलं. वाजवल्या असतील. सेल्सवाल्यांचा तो पगारातला भागच आहे.

बाई मात्र तीन आठवडे आल्या नाहीत. एका रविवारी मी स्कूटरवर चामटोलीला गेले. घरापुढे अंगणात भाजी निवडत बसल्या होत्या. उजव्या हाताला पट्टी, काम डाव्या हातानं. मला बघून उठायला लागल्या, मी बसवलं.

“दुखतंय का?”

“आता नाय एवढा. पाणी लागला की झोंबता.” पट्टी दाखवली. “जावईसाहेबानं मिठाई पाठवली होती. एवढा मोठा खोका.”

“स्वतः आले होते?”

“नाय. ड्रायव्हर.”

मी त्यांना सगळं सांगितलं. चार, काउंटर, पुसलेला डिफॉल्ट. त्या ऐकत होत्या, पण मध्येच त्यांनी हात वर केला.

“ताई, ता मशीनीचा तुमी बघा. मना एक सांगा. साहेबाला समाजला का, त्यांनी काय केलान ता?”

मी विचार केला. मला खोटं बोलायचं नव्हतं.

“नाही,” मी म्हटलं. “मी त्यांना तीन वेळा दिवा लावून दाखवला. नाही समजलं.”

“मंग मी त्या मशीनीवर येत नाय,” बाई म्हणाल्या. “पॅकिंगमध्ये खोके भरीन. त्याच्या बोटाखाली परत हात नाय घालायची.”

“ते आता एक्सपोर्टला आहेत.”

“कंपनीत हायेत ना?”

मशीनमध्ये मी जेवढ्या खबरदाऱ्या घालता येतात तेवढ्या घातल्या होत्या, आणि बाईंना त्या एकाही खबरदारीवर विश्वास ठेवायचं कारण नव्हतं. त्यांना खोके भरायच्या खात्यात बदलून द्यायला मी शेठना सांगितलं. मिळाली बदली. मशीनवर नवी मुलगी आली. फिल्म लावायला तिला अजून दुप्पट वेळ लागतो, आणि तिच्या शेजारून जाताना माझी नजर आधी मशीनच्या काचेच्या दाराकडे जाते.